जर्मनीहून परतणाऱ्या इंजिनिअरचा सीव्ही कसा वाचावा

चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या ऑटो कंपन्यांसाठी भरतीचं काम नव्यानं हातात घेतलंत, की थोड्याच दिवसांत एका ठरावीक प्रकारचा सीव्ही तुमच्यासमोर येईल. सांगली किंवा पुण्यातून बी.ई. मेकॅनिकल, इथल्या माहितीच्या कंपनीत चार वर्षं, मग जर्मनीत मास्टर्स, आणि त्यापुढची सात-आठ वर्षं अशा कंपन्यांत, की ज्यांची नावं आपल्याला धड उच्चारताही येत नाहीत. पद पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत 'डेव्हलपमेंट इंजिनिअर'. आता आई-वडिलांचं वय झालंय, म्हणून घरी परतायचं ठरवलंय.

असे सीव्ही बहुतेक वेळा 'होल्ड'वर पडून राहतात. हायरिंग मॅनेजर वर्षं मोजतो, पद बघतो आणि म्हणतो, "बारा वर्षांत साधा मॅनेजर नाही झाला?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. आपल्याकडे दोन-तीन वर्षांनी पद बदललं नाही तर माणूस नोकरी सोडतो, म्हणून कंपन्या असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर अशा पायऱ्या वाढवत जातात. जर्मनीत पगाराची पायरी पदाच्या नावाशी बांधलेली असेलच असं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यातल्या धातू आणि इलेक्ट्रिकल उद्योगाच्या वेतनकरारात ईजी 1 ते ईजी 17 असे वेतनगट आहेत, आणि गट ठरतो तो त्या कामाच्या स्वरूपावरून. माणूस ईजी 12 वरून 15 वर गेला तरी त्याच्या कार्डावर 'इंजिनिअर'च असू शकतं. म्हणून मी पहिल्याच फोनवर विचारते: कंपनी वेतनकरारात होती का, आणि तुमचा गट कुठून कुठपर्यंत गेला? उत्तर मिळालं तर वाढ झाली की नाही ते लगेच कळतं. मात्र लहान कौटुंबिक कंपन्या बऱ्याचदा या कराराबाहेर असतात. तिथे हा मार्ग बंद, आणि कामाच्याच खोलात जावं लागतं.

त्याआधी कंपनी समजून घ्यायची. अनोळखी नाव म्हणजे दुय्यम कंपनी, हा समज पहिल्यांदा काढून टाका. जर्मनीत तीन-चारशे माणसांच्या, एखाद्या छोट्या गावातल्या, घरच्याच मालकीच्या कंपन्या एकाच भागात जगातल्या मोठ्या कारखान्यांना माल पुरवतात. नाव खरं आहे का, हे तपासणं अवघड नाही. handelsregister.de वर कंपनीची नोंद 2022 पासून मोफत बघता येते, आणि वार्षिक हिशेब unternehmensregister.de वर सापडतात. हिशेबाच्या टिपांमध्ये सरासरी कर्मचारीसंख्या बहुधा असते. भाषा जर्मन असली तरी आकडा आकडाच असतो. मला एवढंच हवं असतं: माणसं किती, कारखाने किती, माल कोणाला जातो. तीनशे माणसांच्या कंपनीतला इंजिनिअर आणि तीस हजारांच्या कंपनीतला इंजिनिअर यांचं पद एक असलं, तरी रोजचं काम फार वेगळं असतं.

उलटा प्रकारही असतो. सीव्हीवर प्रसिद्ध मोटार कंपनीचं नाव ठळक अक्षरांत, आणि पगाराच्या चिठ्ठीवर भलतंच. तिथे बरेच भारतीय इंजिनिअर सुरुवातीला इंजिनिअरिंग सेवा कंपनीच्या पगारावर असतात आणि काम ग्राहकाच्या ऑफिसात करतात. माणूस अशा रीतीनं उसना दिला असेल, तर कायद्यानं त्याला एकाच ग्राहकाकडे सलग 18 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वेतनकरारांतून काही अपवाद आहेत. त्यामुळे दीड-दीड वर्षाचे दोन-तीन प्रकल्प दिसले, की लगेच 'टिकत नाही' असा शेरा मारू नका. पण उमेदवाराला मी आवर्जून सांगते: दोन्ही नावं लिहा, नोकरी कोणाची आणि काम कोणाकडे. नाही तर बॅकग्राउंड चेकमध्ये तफावत म्हणून शेरा येतो आणि खरं बोलणारा माणूस हकनाक अडकतो.

आता एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाकणच्या एका पुरवठादार कंपनीला प्रोग्रॅम मॅनेजर हवा होता. ग्राहकाकडून ऑर्डर आल्यापासून उत्पादन सुरू होईपर्यंत सगळी जबाबदारी त्याची, हाताखाली आठ इंजिनिअर. आलेल्या उमेदवाराची दोन वर्षं सेवा कंपनीत गेली होती आणि पुढची सहा हाइलब्रॉनजवळच्या साधारण तीनशे माणसांच्या कंपनीत, कूलंट व्हॉल्व्हच्या प्लॅस्टिक हाउसिंगवर. पद डेव्हलपमेंट इंजिनिअर. सीव्हीत एकाही ठिकाणी 'मॅनेज' हा शब्द नाही.

मी विचारलं, "तुमच्या सहीशिवाय कोणती गोष्ट पुढे जात नव्हती?"

"सॅम्पल पार्टची मंजुरी, मॅडम. झेकमधल्या मोल्डरकडून पार्ट आले की मेजरमेंट रिपोर्ट मी बघायचो. माझी सही झाल्यावरच पीपीएपीची, म्हणजे पार्टच्या मंजुरीची फाइल ग्राहकाकडे जायची."

"आणि टूलमध्ये बदल करायचा असला तर?"

"पाच हजार युरोपर्यंत मीच. त्यापुढे डेव्हलपमेंट हेड. त्यांच्या वर थेट मालक."

म्हणजे या माणसाच्या आणि मालकाच्या मध्ये एकच माणूस. चाकणला या जागेच्या वर तीन स्तर होते. मग मी विचारलं, सहा वर्षांत सगळ्यात जास्त काय बिघडलं? तो जरा थांबला आणि सविस्तर सांगू लागला. थर्मल शॉक टेस्टनंतर हाउसिंग गळायला लागलं. कापून बघितलं तर सीलच्या खाचेजवळच वेल्ड लाइन येत होती, म्हणजे साच्यात प्लॅस्टिकचे दोन प्रवाह जिथे जुळतात ती कमजोर रेघ. मोल्डरचं म्हणणं होतं, तापमान वाढवून भागेल. यानं गेटची, म्हणजे साच्यात प्लॅस्टिक जिथून शिरतं त्या तोंडाची जागाच बदलायला लावली, पुन्हा सॅम्पल काढले, आणि सहा आठवडे उशीर होणार हे ग्राहकाला स्वतः जाऊन सांगितलं. मोल्डर काय म्हणत होता, यानं ते का मानलं नाही आणि वाईट बातमी कोणी दिली, हे तिन्ही ज्याच्या बोलण्यात न विचारता येतं, त्यानं ते काम स्वतः चालवलेलं असतं. नुसता मीटिंगला बसलेला माणूस 'टीमनं रूट कॉज काढला' इथेच थांबतो.

पीपीएपी, बिघाडाच्या शक्यता आधीच तपासायची एफएमईए पद्धत, वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक आयएटीएफ 16949 या गोष्टी दोन्हीकडे त्याच असल्यामुळे तांत्रिक बाजू अशी जुळवता येते. जुळत नाही ती माणसांची बाजू. त्यानं सांगितलं, "चार जणांना मीच काम द्यायचो." मी विचारलं, "त्यांची रजा कोण मंजूर करायचं?" उत्तर आलं, हेड. जर्मन कंपन्यांत कामाचं मार्गदर्शन करणारा आणि रजा, अप्रेझल, पगारवाढ बघणारा, हे दोघे वेगळे असू शकतात. रजेच्या एका प्रश्नानं ते लगेच स्पष्ट होतं. या उमेदवारानं अप्रेझल कधी केलंच नव्हतं, आणि एखाद्या इंजिनिअरनं ऐन लाँचच्या तोंडावर राजीनामा दिला तर काय करायचं, याचा त्याला अनुभव नव्हता. आठ जणांची टीम पहिल्या दिवशी त्याच्याकडे सोपवणं मला धोक्याचं वाटलं.

कागदपत्रांत एक गोष्ट विशेष जपून वाचायची, ती म्हणजे 'आर्बाइट्सत्सॉइग्निस', नोकरी सोडताना कंपनीनं द्यायचं लेखी प्रमाणपत्र. ते मागायचा हक्क तिथे कर्मचाऱ्याला कायद्यानं असतो, आणि मजकूर खरा असूनही उमेदवाराच्या पुढच्या वाटेत अडथळा आणणारा नसावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे श्रेणी ठरावीक वाक्यांत दडलेली असते. 'नेहमी आमच्या पूर्णतम समाधानासाठी' म्हणजे अव्वल. 'नेहमी पूर्ण समाधानासाठी' म्हणजे चांगलं. 'नेहमी' गाळून नुसतं 'पूर्ण समाधान' असेल, तर मध्यम. नुसतं 'समाधान' असेल तर जेमतेम. इंग्रजी भाषांतर हातात आलं की 'फुल सॅटिस्फॅक्शन' वाचून आपल्याकडे सगळे खूश होतात, आणि ते मुळात मध्यम असतं. मूळ जर्मन प्रत मागा आणि भाषा येणाऱ्याकडून तेवढी एक ओळ वाचून घ्या. तरी श्रेणीवर मी फार भर देत नाही, कारण चांगली श्रेणी सर्रास दिली जाते. मला उपयोगी पडतो तो वरचा भाग, जिथे कामांची यादी असते. या उमेदवाराच्या प्रमाणपत्रात सॅम्पल मंजुरी आणि मोल्डरचं काम, दोन्ही नोंदवलेलं होतं. फोनवरच्या बोलण्याला तिथून दुजोरा मिळाला. उमेदवार अजून नोकरीत असेल तर अंतिम प्रमाणपत्र हातात नसतं, पण मधल्या काळातलं प्रमाणपत्र मागता येतं.

नोकरीच्या तारखा तपासताना आपली नेहमीची वाट, म्हणजे यूएएनमधला पीएफचा इतिहास, परदेशातल्या वर्षांसाठी कोरी असते. त्याच्या जागी जर्मन पेन्शन विमा संस्थेचा 'फरझिशरुंग्सफरलाउफ' मागा. वर्गणी कोणत्या काळात भरली गेली हे त्यात दिसतं. जोडीला वर्षाअखेरचं वेतनकराचं प्रमाणपत्र घेतलं, तर त्यावर मालक कंपनीचं नावही मिळतं. जुन्या कंपनीला फोन करून माणूस कसा होता हे विचारायच्या भानगडीत पडू नका. लेखी संमतीशिवाय ते काही सांगणार नाहीत, आणि उमेदवार अजून तिथेच असेल तर त्याला त्रास होईल.

पगाराच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. युरोचे रुपये करून बोलणी सुरू केली, तर दोघांचंही नुकसान होतं. तो आकडा इथल्या कुठल्याच बँडमध्ये बसत नाही, मग मॅनेजर म्हणतो 'परवडणार नाही' आणि विषय संपतो. जागेचा बँड पहिल्याच फोनवर सांगा आणि उमेदवाराला विचार करायला आठवडाभर द्या. घरी बोलून जो हो म्हणतो, त्याच्याशीच पुढे जा.

शेवटी मी हायरिंग मॅनेजरला सीव्हीसोबत छोटी टीप पाठवली. कंपनी तीनशे माणसांची, मालकापर्यंत एकच पायरी. सॅम्पल मंजुरी आणि पाच हजार युरोपर्यंतचा टूल बदल स्वतःच्या अधिकारात. पुरवठादार आणि ग्राहक दोन्ही स्वतः हाताळले. अप्रेझल आणि रजा कधी हाताळली नाही. इथल्या पुरवठादारांच्या किमती आणि कामाची पद्धत पुन्हा शिकावी लागेल. सुचवलं असं: आठ जणांची जागा नको, एका ग्राहकाचा प्रोग्रॅम आणि दोन इंजिनिअर द्या. टेक्निकल राउंड कॉन्फरन्स रूममध्ये न घेता मोल्डिंग शॉपमध्ये घ्या, आणि एक नाकारलेला पार्ट त्याच्या हातात ठेवा.

त्यांनी तसंच केलं आणि ऑफर दिली. जॉइनिंगची तारीख मात्र करारातला नोटीस पिरियड बघूनच ठरवावी लागली. जर्मनीत तो अनेकदा महिनाअखेरीला किंवा तिमाहीच्या शेवटी संपेल असा मोजतात. राजीनामा चार दिवस उशिरा दिला, तर जॉइनिंग तीन महिने पुढे जाऊ शकतं. म्हणून ऑफर लेटर पाठवण्याआधी कराराचं ते पान मागून घ्या.