फोनवर बिल करून बाहेर पडताना गेटवर अडकायचं नसेल तर या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी मालाडच्या एका मॉलमधल्या सुपरमार्केटात काउंटरची रांग पार बिस्किटांच्या रॅकपर्यंत आली होती. म्हणून सासूबाईंना म्हटलं, आज फोनवरच बिल करू. दुकानाचं ॲप उघडलं, दारावरचा क्यूआर स्कॅन केला, वस्तू उचलायची, बारकोड दाखवायचा आणि पिशवीत टाकायची असं करत पंचवीस मिनिटांत खरेदी उरकली. यूपीआयने पैसेही भरून झाले. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या दादांनी फोनवरचं बिल पाहिलं, पिशवीत हात घातला आणि म्हणाले, "ताई, बिलात साबण एकच आहे. इथे पाच आहेत."

मागे माणसं थांबलेली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, रांगेत उभं राहिलो असतो तर एव्हाना रिक्षात असतो."

चूक माझीच होती. चार साबणांवर एक मोफत असा तो गठ्ठा. बाहेर पारदर्शक प्लास्टिक, आणि त्यातून आतल्या साबणाच्या वेष्टनावरचा बारकोड स्पष्ट दिसत होता. कॅमेऱ्याने तोच टिपला. एका साबणाचे ३८ रुपये लागले, गठ्ठ्याचे होते १५२. काउंटरवरची मुलगी असले गठ्ठे दिवसातून शंभरदा हाताळते, तिला बाहेरचा बारकोड कुठे चिकटवलेला असतो ते पाठ असतं. आपल्याला नसतं. त्यामुळे गठ्ठा, जोडपॅक किंवा सोबत काही मोफत बांधलेलं असेल तर तो फिरवून बाहेरच्या प्लास्टिकवरचा बारकोड शोधायचा. स्कॅन झाल्यावर पडद्यावरचं नाव वाचायचं: '१०० ग्रॅम' असं आलंय की '५ x १०० ग्रॅम'? मी नुसता 'टिंग' आवाज ऐकून पुढे गेले होते.

'दोनवर एक फुकट' अशी ऑफर असेल आणि वस्तू सुट्या असतील तर मात्र उलटं करायचं. तिन्ही स्कॅन करायच्या. तिसरी फुकट आहे म्हणून तशीच पिशवीत टाकली, तर ॲपच्या हिशेबी तुम्ही दोनच घेतल्या आणि ऑफर लागूच झाली नाही. म्हणजे दोनचे पूर्ण पैसे जातात आणि वर तिसरीसाठी गेटवर खुलासा. तिन्ही टाकल्या की एकीची किंमत ॲप स्वतः वजा करतं. वजा झाली नाही, तर पैसे भरायच्या आधीच मदत काउंटरवर विचारायचं. बिल झाल्यावर त्यात बदल करणं त्यांनाही जिकिरीचं होतं.

दुसरी मोठी अडचण सुट्या मालाची. तूरडाळ, कांदे, सफरचंद यांच्यावर कंपनीचा बारकोड नसतो. काट्यावर वजन करून घ्यायचं आणि तिथून निघालेलं स्टिकर स्कॅन करायचं. स्टिकरवरचा १३ आकडी नंबर 2 ने सुरू होतो. हे आकडे दुकानांनी आपल्यापुरते वापरण्यासाठी राखलेले आहेत, आणि बहुतेक ठिकाणी वजन किंवा किंमत त्या नंबरातच भरलेली असते. समजा डाळीच्या पिशवीवर असं आलं:

```
2100045012407
```

यात 21 म्हणजे वजनाचा माल, 00045 हा दुकानाने डाळीला दिलेला नंबर, 01240 म्हणजे १,२४० ग्रॅम, आणि शेवटचा 7 हा आधीचे आकडे बरोबर वाचले गेले का हे तपासणारा. दुकानागणिक मांडणी थोडी बदलते, पण तत्त्व हेच. त्यामुळे वजन करून झाल्यावर "अजून दोन मुठी घेऊ" असं करायचं नाही, आणि काढूनही ठेवायचं नाही. स्टिकर जुन्याच वजनाचे पैसे लावणार. गेटवर काटा असला की हे लगेच कळतं. बदल करायचाच असेल तर पुन्हा वजन करून नवं स्टिकर घ्यायचं आणि जुनी नोंद ॲपमधून काढून टाकायची. ही दुसरी पायरी हमखास विसरते आणि डाळ दोनदा लागते.

ओल्या कोथिंबिरीच्या किंवा फ्रीजमधून काढलेल्या पिशवीवर स्टिकर सुरकुततं आणि कॅमेरा ते वाचत नाही. अशा वेळी बोटाने ताणून सपाट करा, फोन वीतभर लांब धरा. तरीही जमलं नाही तर बारकोडखालचे आकडे हाताने टाकायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते.

आता किमतीचं. पाकिटावरच्या 890 ने सुरू होणाऱ्या बारकोडमध्ये किंमत नसते, तो फक्त वस्तूचा नंबर. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमधून येते. म्हणून नवी-जुनी एमआरपी असलेली दोन पाकिटं एकच बारकोड घेऊन शेजारी उभी असू शकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, टूथपेस्ट, साबण यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हाही जुना माल रॅकवर होताच. काही ॲप दोन्ही किमती दाखवून विचारतात, तेव्हा हातातल्या पाकिटावरची निवडायची, स्वस्त दिसते ती नव्हे. आणि पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा ॲपने जास्त लावली तर ती देऊ नका. तेवढे पैसे घ्यायचा दुकानाला कायद्याने अधिकार नाही.

पैसे भरताना मुंबईत खरा घोळ होतो तो तळघरात. बरीच सुपरमार्केटं मॉलच्या बेसमेंटमध्ये असतात आणि तिथे रेंज येते-जाते. दुकानाचं ॲप तुम्हाला यूपीआय ॲपकडे पाठवतं, तुम्ही पिन टाकता, खात्यातून पैसे जातात, पण परत आल्यावर बिलाच्या जागी नुसतं गोल फिरत असतं. इथे घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आणि ॲप बंदही करू नका. दुकानाच्या वायफायवर या किंवा एस्केलेटरपाशी जा, मग ॲपमधल्या ऑर्डर पाहा. बिल आलं नसेल तर यूपीआय ॲपच्या व्यवहारांतला १२ आकडी नंबर मदत काउंटरवर दाखवा. त्यांच्याकडे पैसे पोहोचले असतील तर ते बिल काढून देतात. पोहोचले नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप खात्यात परत यायला हवी, आणि त्यापुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई. फक्त खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज दाखवून गेटबाहेर सोडत नाहीत. त्यांना बिलाचा क्यूआरच लागतो.

कपड्यांवरचा कडक प्लास्टिकचा टॅग फोनने निघत नाही, तो काउंटरवरच काढून घ्यावा लागतो. नाहीतर पैसे भरूनही दारात भोंगा वाजतो.

साबणांचं पुढे काय झालं? दादांनी आम्हाला बाजूला घेतलं. मी गठ्ठ्याचा बाहेरचा बारकोड स्कॅन करून १५२ भरले आणि एका साबणाचे ३८ परत घ्यायला अखेर त्याच काउंटरच्या रांगेत उभी राहिले. आता सासूबाई घरूनच कापडी पिशव्या आणतात आणि स्कॅन केलेली प्रत्येक वस्तू पिशवीत टाकण्याआधी मोठ्याने विचारतात, "नाव काय आलं गं?"