शेरवानी, अचकन की बंद गळ्याचा कोट: आधी गळा बसवा

लालबागला माझं शिवणकामाचं दुकान आहे. लग्नसराईत येणारा प्रत्येक नवरदेव ‘शेरवानी’च मागतो, कारण बाजारात लांब दिसेल त्या प्रत्येक कोटाला शेरवानीच म्हणतात. म्हणून मी आधी विचारतो, त्या दिवशी बसणार कशावर? पाटावर, खुर्चीवर की स्टेजवर नुसतं उभं राहायचंय?

शेरवानी गुडघ्याच्या खाली जाते. कापड जड, आत अस्तर, कमरेखाली घेर. बटणं सहसा बेंबीपर्यंत, पुढे पल्ले मोकळे. ती रिसेप्शनला नि वरातीला शोभते. ती घालून पाटावर मांडी घातलीत तर घेराचा बोळा होतो आणि जरी मांडीला टोचते. विधींना आपलं धोतर-उपरणंच बरं.

अचकन गुडघ्यापर्यंत किंवा जरा वर, अंगाबरोबर उतरणारी, घेर जवळजवळ नाही, कापड हलकं. नेहरूंचे गुलाब लावलेले फोटो आठवा. साखरपुडा, दिवसाचं लग्न, नवरीचा भाऊ, या सगळ्याला ती चालते. बंद गळ्याचा कोट, म्हणजेच जोधपुरी, कमरेखाली संपतो. समोर खालपर्यंत बटणं, खाली पँट. खुर्चीवर बसायचं असेल किंवा तो कोट नंतर ऑफिसच्या कार्यक्रमालाही वापरायचा असेल तर हाच घ्या.

लांबी मानेच्या मागच्या हाडापासून मापा, खांद्यावरून नाही. परवा आलेला मुलगा ५ फूट ५ इंच. हाडापासून गुडघा ३८ इंच भरला. त्याला ४२ इंची शेरवानी हवी होती. आरशासमोर कापड धरून दाखवलं, पाय गायबच झाले. शेवटी ३७ इंची अचकन ठरली.

आता गळा. तिन्हींची उभी कॉलर एकाच जातीची: दोन टोकं कंठाशी भिडतात, एकमेकांवर चढत नाहीत आणि आतून हूक लागतो. म्हणूनच इथे चूक लपत नाही. सुरुवातीच्या काळात मी माझ्या मावसभावाची शेरवानी शिवली. मे महिना, गिरगावातला हॉल. मी त्याला ताठ उभं करून माप घेतलं होतं. लग्नात तो प्रत्येक थोरल्याच्या पाया पडायला वाकला की कॉलर घशात घुसायची. तासाभरात मानेवर लाल वळ उठला, त्याने हूक काढला आणि पुढच्या सगळ्या फोटोंत कॉलर दाराच्या झडपेसारखी उघडी.

पुढच्या गिऱ्हाइकाला मी कॉलर चांगली इंचभर सैल ठेवली. ती मानेपासून सुटून बादलीच्या काठासारखी उभी राहिली. लोक आजही ‘जरा सैलच ठेवा’ म्हणतात. ऐकू नका.

दोष बहुतेकदा कॉलरच्या पट्टीत नसतो, ती जिथे जोडतात त्या गळ्याच्या कापात असतो. कापाला हात न लावता पट्टीच लांबवली तर जोडावर चुण्या पडतात. म्हणून मी कच्च्या शिलाईत गळा मुद्दाम जरा वर, लहान कापतो. नंतर कातरता येतं, जोडता येत नाही. आतला कुर्ता घालूनच ट्रायल घ्यायची, कारण त्याच्या पट्टीची जाडी मापात धरावी लागते. मग नवरदेवाला बसवायचं, खाली बघायला लावायचं, माझ्या पाया पडायला लावायचं (हसतात, पण करतात). घशाला रुतलं तर समोरचा काप पाव इंच खाली घ्यायचा, मागचा तसाच ठेवायचा आणि नव्या कापाला जुळेल अशी पट्टी पुन्हा मापायची. मागे मानेखाली आडवी सुरकुती दिसली तर मागचं कापड जास्त आहे, ते खांद्याच्या शिवणीत वर ओढून घ्यायचं. हूक लावून आत एक बोट सहज फिरलं की गळा झाला. दोन बोटं फिरली तर सैल.

कॉलरची उंची साधारण दीड इंच. मान आखूड असेल तर सव्वा. ३७ इंची अचकन ठरलेल्या त्या मुलाची मान १५ इंच होती, कुर्त्यासकट साडेपंधरा. कॉलर १६ इंची ठेवली. पहिल्या ट्रायलला वाकल्यावर रुतली. समोरून पाव इंच कातरलं, पट्टी बदलून सव्वासोळा केली आणि बसली.

बाह्या, बटणं, इस्त्री कोणीही करेल. पण कॉलरमधलं बकरम लावण्याआधी पाण्यातून काढून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुलाईत ते आटतं आणि कॉलर वाकडी होते. हूक शेवटच्या ट्रायलनंतर, माणसाच्या गळ्यावर खूण करून हातानेच शिवा.