विषय आपला नसेल तर लेख परत कसा करावा: या चुका टाळा

दिवाळी अंकांची बोलणी मे-जूनमध्ये सुरू होतात आणि तेव्हापासून एकच प्रकार मी दरवर्षी पाहते. संपादक विषय सांगतात, विषय लेखिकेच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि तरी ती नाही म्हणत नाही. म्हणाली तर इतक्या उशिरा आणि इतकं आडून म्हणते, की अंकाचं नुकसान व्हायचं ते होतंच. मी ठाण्यात राहते आणि नाटक व कलावंतांच्या मुलाखती हा माझा प्रांत. त्यामुळे ज्या विषयावरून हे सांगणार आहे, तो माझा नाही हे आधीच सांगते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे “बघते, कळवते”. एका अंकाला नवी मुंबईच्या साडेबारा टक्के योजनेवर मोठा लेख हवा होता. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्यातून आली. विषय मोठा आणि अजून धगधगता. संपादकांनी जूनमध्ये एका नव्या लेखिकेला विचारलं. ती ललित छान लिहायची. “बघते” म्हणाली, मग हो म्हणाली, आणि जुलै संपता संपता घरातली अडचण सांगून बाजूला झाली. त्यानंतर संपादकांचा फोन मला आला. या विषयाच्या जाणकार पत्रकार बाई कोण हे मला ठाऊक होतं, पण तोवर त्यांनी दोन अंकांचे लेख घेतले होते. शेवटी लेख हाताशी असलेल्या कोणाकडून तरी आठवड्यात लिहून घेतला गेला.

आता त्या लेखात काय झालं ते बघा. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली तर साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौरस मीटरचा भूखंड मिळतो, असा हिशेब छापून आला. गणित बरोबर, माहिती चूक. साडेबारातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात आणि शेतकऱ्याच्या हाती पावणेनऊ टक्के येतात, म्हणजे ८७५ चौरस मीटर. पुढच्या परिच्छेदात विमानतळबाधितांचं साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज याच योजनेची वाढ म्हणून दाखवलं होतं. ते वेगळं आहे. पनवेल-उरणच्या वाचकांची पत्रं आली. ज्याच्या घरात भूखंडाची फाइल आहे, त्याला हे पहिल्या वाचनात दिसतं. लिहिणाऱ्याला मुद्रित वाचतानाही दिसलं नाही.

विषय आपला आहे की नाही हे मी यावरूनच ठरवते. या विषयातली चूक मुद्रितात माझ्या नजरेला पडेल का? उत्तर “इंटरनेटवर ताडून बघेन” असं येत असेल, तर तो लेख माझा नाही. दोन दिवसांत वाचून विषय ‘काढता’ येतो असं नव्या मुलींना वाटतं, त्याची मला खरोखर चीड येते. दोन दिवसांत १,२५० हा आकडा मिळतो; ८७५ हा फायली पाहिलेल्या माणसाकडे असतो.

म्हणून नकार फोन आला त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी द्यावा, आणि तो लेखी असावा. माझा निरोप साधारण असा असतो: “सर, विषय चांगला आहे, पण जमीन संपादन माझा विषय नाही, त्यामुळे हा लेख मी घेत नाही. या विषयावर बरीच वर्षं काम केलेल्या एक पत्रकार मला माहीत आहेत. तुमची हरकत नसेल तर त्यांना विषय सांगून विचारू का?” शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. विशेषांकाचे विषय संपादक जाहीर होईपर्यंत बाहेर बोलत नाहीत, आणि आपण परस्पर चार जणांना विचारत सुटलो तर तो विषय दुसऱ्या अंकात दिसू शकतो.

दुसरी मोठी चूक नाव सुचवताना होते. मैत्रिणीचं नाव पुढे करतात किंवा न विचारता नंबर पाठवून मोकळे होतात. साडेबारा टक्क्यांसाठी माझ्यासमोर दोन नावं होती. एक वकील, याच प्रकरणांतले. पण त्यांचं लिखाण अर्जासारखं. तीन हजार शब्द वाचकाला धरून ठेवतील असं वाटेना. दुसऱ्या बेलापूरच्या पत्रकार. त्या बातम्या लिहितात हे पुरेसं नव्हतं, कारण सहाशे शब्दांची बातमी आणि दिवाळी अंकाचा लेख ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांचा गावठाणांवरचा एक दीर्घ लेख मी वाचला होता, म्हणून त्यांचं नाव.

नाव देण्याआधी मी त्या व्यक्तीला फोन करतेच. वेळ आहे का, नंबर दिला तर चालेल का, आणि या विषयात तुमचं काही अडकलंय का, एवढं विचारते. तिसरा प्रश्न संकोचाचा वाटतो, पण लागतो. या बाई प्रकल्पग्रस्त कुटुंबातल्या आहेत आणि काकांच्या भूखंडाचं प्रकरण सिडकोत चालू होतं, हे त्यांनी लगेच सांगितलं. त्याने त्या अपात्र ठरत नाहीत, उलट आतली माहिती त्यांच्याइतकी कोणाला नसेल. पण संपादकांना ते आधी कळायला हवं, म्हणजे लेखाच्या शेवटी तशी टीप देता येते. “ताई, हे मीच त्यांना सांगते,” असं त्या म्हणाल्या. ते उत्तम.

मग संपादकांना नाव, नंबर आणि वाचलेल्या त्या लेखाचा उल्लेख, एवढंच. “त्या नक्की लिहितील” असं दुसऱ्याच्या वतीने कबूल करू नका. मानधनाची बोलणी आपण करू नयेत. ती त्या दोघांची.

नाही म्हणायचं टाळून अव्वाच्या सव्वा मानधन सांगणं ही पळवाट आहे. संपादक कबूल झाले तर लेख गळ्यात पडतो.

“तुम्ही लिहा, नाव माझं टाकू” हे तर अजिबात नको. तसंच आधी लेख घ्यायचा आणि मग जाणकाराला रोज फोन करून फुकट सगळं काढून घ्यायचं, हेही नको. त्यापेक्षा लेखच त्यांच्याकडे जाऊ द्या.

एक अपवाद करते. विषयाचा एखादा भाग आपल्या प्रांतात येत असेल, तर तो वेगळा मागावा. आगरी लग्नात धवला गाणाऱ्या धवलारणीची मुलाखत मी करू शकते, आणि त्याच अंकासाठी ती देऊही केली होती. पण जमिनीच्या लेखातला एक तुकडा म्हणून नव्हे, स्वतंत्र दोन पानं म्हणून.

एकदा दोघांची गाठ घालून दिली की बाजूला व्हा. लेख कसा चाललाय, तुमचं जमलं का, मानधन मिळालं का, हे विचारत राहू नका. संपादकांनी सुचवलेलं नाव घेतलं नाही तर कारणही विचारू नका.