वेटलिस्टवर नाव आल्यानंतरचं पत्र: लिहायला बसण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे पदवी प्रवेशाचे निकाल मार्चअखेरीस लागतात आणि काहींच्या पोर्टलवर ना होकार, ना नकार, तर वेटलिस्ट असा शेरा दिसतो. लगेच पत्र लिहायला बसू नका. आधी ते पोर्टल नीट वाचा. बहुतेक ठिकाणी वेटलिस्टवर राहायचं आहे हे एक छोटा फॉर्म भरून कळवावं लागतं आणि त्याला मुदत असते. फॉर्म राहिला तर कितीही चांगलं पत्र पाठवा, उपयोग नाही. त्याच पानावर जादा काही पाठवायचं की नाही हेही लिहिलेलं असतं. काही विद्यापीठं पत्र मागतात, काही फॉर्ममध्येच ठरावीक शब्दांची चौकट देतात, तर काही स्पष्ट सांगतात की काहीही पाठवू नका. नको म्हटलं असेल तर खरंच पाठवू नका. सूचना वाचत नाही एवढीच नोंद त्यातून होते.

मग त्या विद्यापीठाचा कॉमन डेटा सेट, म्हणजे प्रवेशाचे वगैरे आकडे ठरावीक नमुन्यात देणारा दरवर्षीचा अहवाल, शोधा. त्यातल्या सी-2 या भागात किती जणांना वेटलिस्टवर ठेवलं, किती थांबले आणि शेवटी किती जणांना घेतलं हे आकडे असतात. एकाच वर्षाचे पाहू नका, तीन-चार वर्षांचे शेजारी ठेवा. एका वर्षी बरीच मुलं घेणारं विद्यापीठ पुढच्या वर्षी जवळपास कुणालाच घेत नाही, कारण होकार मिळालेल्यांनी येणार हे कळवायची मुदत सहसा 1 मे असते आणि तोवर किती जागा भरल्या यावर सगळं अवलंबून असतं. म्हणूनच 1 मेच्या आत होकार आलेल्या दुसऱ्या कॉलेजात जागा पक्की करून तिथली अनामत भरा. ती सहसा परत मिळत नाही, हे धरूनच चाला.

आता घरात बसून पैशांचं बोला. माझ्या मते या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि तोच बहुतेक घरांत टाळला जातो. पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य म्हणजे ‘प्रवेश दिलात तर मी नक्की येईन’. वेटलिस्टवरून घेताना विद्यापीठाला येणारच अशी मुलं हवी असतात, त्यामुळे हे वाक्य खरंच वाचलं जातं. पण वेटलिस्टपर्यंत येईतो आर्थिक मदतीचा निधी बराचसा वाटून झालेला असतो, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी तर तो आधीच तोकडा. मदतीशिवाय चार वर्षांचा खर्च झेपणार नसेल तर ‘नक्की’ लिहू नका. ‘माझी पहिली पसंती’ एवढं खरं असेल तर तेवढंच लिहा. आणि ‘नक्की’ एकाच विद्यापीठाला लिहायचं, दोघांना नाही.

पत्राचा मजकूर म्हणजे अर्जानंतर घडलेलं, एवढंच. जुना निबंध पुन्हा सांगू नका. समजा नाशिकजवळची एक मुलगी आहे. जानेवारीच्या अर्जात तिने लिहिलं होतं की द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजणारी यंत्रं बसवून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका आधी कळवायचा प्रयत्न करतेय. ‘माझा प्रकल्प पुढे सुरू आहे आणि मी खूप शिकले’ असं तिने लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी तिने लिहावं: हंगाम संपला, दोन बागांच्या नोंदी पूर्ण झाल्या, त्या शेतकऱ्यांच्या फवारणीच्या वहीशी ताडून पाहिल्या, एका बागेत इशारा वेळेवर मिळाला, दुसरीत यंत्र सावलीत बसवल्यामुळे फसला, आणि आता जागा बदलून पुन्हा मोजणार आहे. पुढच्याच वाक्यात त्या विद्यापीठातला नेमका कोणता अभ्यासक्रम किंवा प्रयोगशाळा या कामाला जोडते ते यावं. विद्यापीठाचं नाव बदलून तो परिच्छेद दुसरीकडे चालत असेल, तर तो पुन्हा लिहा.

एक पान पुरे, साधारण तीनशे शब्द. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि अर्ज क्रमांक टाका. पोर्टलवर अपलोडची सोय असेल तर तिथेच द्या. नसेल तर आपल्या भागाचे अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मेल करा, पालकांच्या नव्हे तर स्वतःच्या पत्त्यावरून. नाराजी, इतर कॉलेजांचे होकार, ओळखीच्या मोठ्या माणसांची शिफारस हे काही नको. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पत्र जावं. शाळेच्या समुपदेशकांना ताजे गुण पाठवायला सांगा. बारावीचा निकाल मे महिन्यात लागला आणि अंदाजित गुणांपेक्षा चांगला आला, तर चार ओळींचा एक मेल आणखी पाठवा. त्याहून जास्त पाठपुरावा नको.

दरम्यान पक्क्या केलेल्या कॉलेजकडून आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, घ्या आणि त्यावर व्हिसाची कामं सुरू ठेवा. मे-जूनमध्ये वेटलिस्टवरून बोलावणं आलं तर उत्तराला अनेकदा थोडेच दिवस मिळतात. तेव्हा नव्या विद्यापीठाची आय-ट्वेंटी घ्यावी लागते, मात्र व्हिसाआधी भरलेलं 350 डॉलरचं सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं, शुल्क नव्या आय-ट्वेंटीवरच्या क्रमांकावर वळवता येतं, म्हणून त्याची पावती जपून ठेवा. पहिल्या कॉलेजला मात्र त्याच दिवशी कळवा. तिथेही कुणीतरी वेटलिस्टवर थांबलेलं असतं.