मृत्युपत्र मातृभाषेत केलंत, पण समजल्याचा पुरावा ठेवलात का? या चुका टाळा

मृत्युपत्र कोणत्याही भाषेत करता येतं. मात्र कोर्टात वाद उभा राहिला की नुसती सही सिद्ध करून भागत नाही. करणाऱ्याला मजकूर समजला होता आणि ती त्याचीच इच्छा होती, हेही दाखवावं लागतं. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं. संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावरच असते.

समजा, चौथी शिकलेल्या आजी मराठीत सही करतात आणि त्यांचं मृत्युपत्र इंग्रजीत टाइप केलेलं आहे. मजकूर धाकट्या मुलाने वकिलाकडून तयार करून आणला, आणि घर त्यालाच मिळतं. शेवटी ठरावीक ओळ आहे: ‘मजकूर वाचून दाखवला, समजला.’ उलटतपासणीत साक्षीदाराला विचारलं जातं, “कोणी वाचलं? कोणत्या भाषेत?” तो म्हणतो, “मला माहीत नाही, मी फक्त सही केली.” सही खरी असूनही अशा उत्तरानंतर मृत्युपत्र टिकवणं फार कठीण होतं.

लोकांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, पण त्यांना मजकूर माहीत असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. म्हणून ज्याने वाचून दाखवलं त्यालाच साक्षीदार करा. तो लाभार्थी किंवा त्याच्या घरातला नको, आणि शक्यतो मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावा, म्हणजे पुढे साक्षीला मिळेल.

शेवटची ओळही छापील नको. ती अशी असू द्या: ‘वरील मजकूर मी, अमुक यांनी, आजींना मराठीत संथपणे वाचून दाखवला. घर कोणाला आणि शेत कोणाला, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले. मग माझ्यासमोर सही केली.’ थोरल्याला कमी का दिलं, तेही आजींच्याच बोलीत लिहा. वकिली मराठीने भरलेलं पान चौथी शिकलेल्या बाईचं वाटत नाही, आणि समोरचा वकील नेमकं तेच दाखवतो.

अंगठा असेल तर वाचून दाखवल्याची नोंद जास्तच काळजीने करा.

नोंदणी ऐच्छिक आहे आणि करणं चांगलं. पण नोंदणी झाली म्हणून मजकूर समजला होता, हे आपोआप सिद्ध होत नाही. बेळगावच्या मराठी माणसाचं मृत्युपत्र दुसऱ्या राज्यात दूर कुठे नोंदवायचं असेल आणि तिथे मराठी प्रचलित नसेल आणि नोंदणी अधिकाऱ्यालाही ती समजत नसेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अचूक भाषांतर आणि खरी नक्कल सोबत लागते. भाषांतर कितीही चांगलं असो, मूळ मराठी कागद जपून ठेवा. करणाऱ्याने ऐकलेले शब्द त्याच कागदावर आहेत.

मोबाइलवर व्हिडिओ करणार असाल, तर नुसतं ‘हो, हो’ म्हणणाऱ्या आजी पुरत नाहीत. “आजी, शेत कोणाला?” असं विचारा आणि उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या. त्या वेळी लाभार्थी मुलगा खोलीबाहेर असू द्या.