प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडकतोय? आधी रोलर पाहा

जळगाव-धुळ्याकडे एप्रिल-मेच्या वावटळींत बारीक धूळ प्रिंटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसते. कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर तिचा आणि कागदाच्या भुकटीचा थर चढला की रबर चकाकतं, पकड सुटते. मग रोलर फिरल्याचा आवाज येतो, पण कागद जागचा हलत नाही किंवा तिरका जातो.

लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला तर आधी बंद करून वायर काढा. कागद मागच्या बाजूला, शाई पक्की करणाऱ्या भागात असेल तर अर्धा तास थांबा; तो भाग चांगलाच भाजतो. टोनर काढून कापडाखाली झाकून ठेवा. कागदाच्या दोन्ही कडा धरून, तो ज्या दिशेने पुढे सरकतो त्याच दिशेने, सावकाश आणि सरळ ओढा. एका कोपऱ्याला हिसका दिला की फाटलाच. फाटला तर तुकडे टेबलावर जुळवून पान पूर्ण होतं का बघा, कारण आत राहिलेला नखाएवढा कपटाही पुढचा कागद अडवतो.

आता धागे न सुटणारं कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोलर फिरवत पुसा. थिनर, पेट्रोल नको, रबर खराब होतं. पूर्ण वाळल्यावरच चालू करा. पुसूनही चकाकी राहिली तर रोलर झिजलाय, बदलावाच लागेल.

रोलर ठीक असूनही दोन-तीन पानं एकदम जात असतील तर कागद तपासा. पावसाळ्यात उघडं पुडकं दमट होतं, पानं चिकटतात. ७५ ते ८० जीएसएमचा कोरडा कागद, फडफडवून भरा.