घाटावरून कोकणात आलात? बॅटरीचं वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात जाण्याआधी हे वाचा

सांगली-सोलापूरकडून कुडाळ, कणकवली, मालवण भागात राहायला येणारी मंडळी घर लावताना सगळ्यात आधी फ्रिज, टीव्ही आणि वायफायचं बघतात. पहिला पाऊस पडतो, एखादं झाड तारांवर आडवं होतं, लाइट जाते, आणि मग इन्व्हर्टर घ्यायला धावपळ सुरू होते. बाकी वस्तूंच्या वॉरंटीबद्दल फार सांगायचं नाही. बिल जपा, एवढंच. पण नवीन आलेल्यांचे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि दुकानदाराशी सगळ्यात जास्त वाजतं ते इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून. आलेलं जवळजवळ प्रत्येक कुटुंब त्यात अडकताना मी पाहिलंय.

आधी इथल्या दुकानदाराबद्दल. तो तोंडावर नाही म्हणत नाही. ‘बघूया हां’, ‘कंपनीक पाठवतंय’, ‘गणपती होऊंदेत’ असं म्हणतो. यात लबाडी असतेच असं नाही. ऑगस्टपासून चाकरमानी येणार असतात, त्याचा धंदा त्या दिवसांत चालतो, आणि कंपनीचा माणूसही रोज फिरकत नाही. पण त्या गोड बोलण्यात तुमची मुदत सरते. आणि आपल्या घाटावरच्यांची खोड उलटी: पहिल्याच फेरीत आवाज चढवायचा. इथे त्याचा काही उपयोग होत नाही. शांतपणे एकच विचारायचं: ‘शेट, कार्डावरच्या कुठल्या अटीत बसत नाही ते दाखवा आणि तेवढं लिहून द्या.’ नकार योग्य आहे की नाही हे ठरवायला सुरुवात इथूनच होते. तोंडी नकार तपासता येत नाही.

आमच्या वाडीत सोलापूरकडचं एक कुटुंब आहे. त्यांची 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी, कार्डावर वॉरंटी ‘36 + 24 महिने’, म्हणजे पहिले 36 महिने फुकट बदल आणि पुढचे 24 फक्त सवलत. एकोणतिसाव्या महिन्यात बॅकअप चार तासांवरून अर्ध्या तासावर आला. दुकानात तीन कारणं मिळाली. कार्डावर शिक्का नाही, पाणी कमी होतं, आणि तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं. तिन्ही कारणं वेगळ्या जातीची आहेत, म्हणून एकेक घेतो.

शिक्क्याचं कारण सगळ्यात कच्चं. कार्ड भरून, सही-शिक्का मारून द्यायचं काम विकणाऱ्याचं आहे. त्यानेच ते केलं नाही आणि आता तेच कारण पुढे करतोय, तर त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसावा? पक्क्या बिलावर तारीख आणि बॅटरीचा अनुक्रमांक असेल तर खरेदी सिद्ध होते. बॅटरीच्या डब्यावर उठवलेला नंबर आणि बिलावरचा नंबर अंकाअंकाने जुळवून बघा. बिलच नसेल तर मात्र पंचाईत. मग बऱ्याच कंपन्या बॅटरीवर कोरलेल्या उत्पादनाच्या महिन्यापासून मुदत मोजतात, आणि ती बॅटरी दुकानात जितके महिने पडून होती तितके तुमचे गेले. ‘बिल नको, जीएसटी वाचवू’ म्हणणारे आपलेच लोक असतात, हेही सांगून ठेवतो. बिल मागूनही दिलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

पाण्याच्या कारणात मात्र दम असू शकतो. बॅटरीला सहा सेल असतात, प्रत्येकाच्या झाकणावर पाण्याची खूण दाखवणारा तरंगता दांडा असतो. पाणी वरच्या खुणेपासून खाली आलंय पण खालच्या खुणेच्या वर आहे, तर तो वापर नेहमीचा आहे, त्यावरून नकार देता येत नाही. पण खालच्या खुणेच्याही खाली जाऊन आतल्या प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या वाळून निकामी होतात, आणि बहुतेक कार्डांवर हे वॉरंटीबाहेर म्हणून लिहिलेलं असतं. मुंबईत राहून इथलं घर आठ-आठ महिने बंद ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्या अशाच जातात. अशा वेळी भांडण्यात अर्थ नाही.

दुसरा आरोप होतो तो विहिरीच्या पाण्याचा. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून विहिरीचं घातलं, हे इथे खरंच घडतं. जांभ्याच्या विहिरीत लोह, किनाऱ्याजवळच्या विहिरीत क्षार. दोन्ही बॅटरीला विष. पण दुकानदार नुसतं आतलं पाणी तपकिरी झालंय एवढं दाखवून असा आरोप करत असेल तर तो पुरावा नव्हे. प्लेटेवरचा मसाला झडला तरी पाणी तसंच गढूळ होतं. अशुद्ध पाणी घातलं का हे ठरवायला आतल्या द्रावणाची तपासणी लागते, आणि ती कंपनीने करून लेखी द्यायची.

आता व्होल्टेज. हे सरधोपट कारण आहे. वादळानंतर आपल्याकडे दिवसेंदिवस लाइट नसते. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडे लोकांनी हे फार भोगलं. बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही. तेव्हा दुकानदार म्हणतो ते कधीकधी खरं असतं. कधी खरं आणि कधी थाप, हे ओळखायचा एक मार्ग आहे, आणि तो तुम्ही स्वतः बघू शकता.

बॅटरी आधी पूर्ण चार्ज होऊ द्या, रात्रभर. नवीन पाणी नुकतंच घातलं असेल तर लगेच तपासू नका. ते वर तरंगतं आणि आकडा खोटा कमी येतो. चार्जिंगनंतर दोन-तीन तास तशीच राहू द्या, मग हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या, म्हणजे आतलं ॲसिड किती घट्ट आहे त्याचा आकडा. हे दुकानदाराकडून किंवा ओळखीच्या बॅटरीवाल्याकडून तुमच्यासमोर करून घ्या. ते ॲसिड आहे, हातमोजे घाला, आणि जवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बॅटरीवाले आकडा ‘बाराशे चाळीस’ असा बोलतात, म्हणजे 1.240. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत साधारण त्याच्या आसपास आकडा यायला हवा. नेमका किती ते कार्डावर किंवा डब्यावर असतं.

आता आकडे कसे वाचायचे ते बघा. सहाही सेल सारखेच कमी, समजा सगळे 1180 च्या आसपास, तर बॅटरी उपाशी आहे. म्हणजे इन्व्हर्टर नीट चार्ज करत नाही, किंवा लाइटच पुरेशी मिळत नाही. पुन्हा चार्ज करून बघा. तरी सगळे सारखेच खाली राहिले तर सल्फेटचा संशय धरा. इथे दुकानदाराची बाजू वजनदार आहे. पण पाच सेल 1240 आणि एक 1120, असा खड्डा दिसला तर तो बहुधा त्या एका सेलचा आतला दोष. व्होल्टेज वरखाली झालं असतं तर सहाही सेलनी मार खाल्ला असता, एकट्याने नाही. मल्टीमीटर लावला तर भरल्यानंतरही 12.6 ऐवजी 10.5 च्या आसपास दिसतं, कारण एक सेल म्हणजे सुमारे 2.1 व्होल्ट, तो मेला की तेवढेच कमी होतात. त्याच सेलचं पाणी कोरडं पडलेलं नाही ना, एवढं मात्र बघून घ्या.

सोलापूरकरांचं नेमकं हेच निघालं. चौथ्या सेलचा आकडा खाली, बाकीचे सरळ, पाणी सगळीकडे खालच्या खुणेच्या वर. म्हणजे तिसरं कारण पडलं, दुसरंही पडलं, आणि बिलावर नंबर जुळत असल्यामुळे पहिलंही. नकार टिकत नव्हता.

पण त्याआधी त्यांच्या हातून ती चूक झालीच, जी मी प्रत्येकाला ओरडून सांगतो: बॅटरी पावती न घेता दुकानात ठेवून आले. दोन आठवड्यांनी दुकानदार म्हणाला, कंपनीने ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवली. कोणी तपासली, केव्हा तपासली, आकडे काय आले, काही नाही. तो पावसाळा त्यांनी अंधारात काढला आणि शेवटी दुसरी बॅटरी विकत घेतली. जुनीचा निकाल पुढे लागला, तोवर नवीचे पैसे गेले होते. म्हणून पुन्हा सांगतो: पावती घेतल्याशिवाय बॅटरी सोडू नका. पावतीवर अनुक्रमांक, तारीख, तक्रार आणि दुकानाचा शिक्का. ठेवायच्या आधी डब्यावरच्या नंबराचा आणि सहाही आकड्यांचा फोटो. पावती द्यायला नकार दिला तर बॅटरी परत टेम्पोत टाका आणि कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून त्यांच्या सर्व्हिस इंजिनिअरला घरी बोलवा. त्या तक्रारीचा नंबर मिळतो, दुकानदाराच्या ‘बघूया’चा मिळत नाही.

कोल्हापूर-पुण्याहून स्वस्तात बॅटरी आणणाऱ्यांसाठी वेगळं. आंबा घाट उतरवून आणलेली बॅटरी इथला दुकानदार हाताळायला तयार नसेल तर त्याला दोष देऊ नका, त्याने ती विकलेली नाही. वॉरंटी बहुतेकदा कंपनीची असते, तेव्हा कंपनीने इथल्या आपल्या अधिकृत केंद्रातून ती पाळावी, असं सरळ कंपनीला लिहा. कार्डावर ‘फक्त खरेदीच्या ठिकाणी’ अशी अट आहे का, ते मात्र आधी वाचा.

‘36 + 24’ मधल्या शेवटच्या 24 बद्दल थोडं. तिथे बॅटरी फुकट बदलून मिळत नाही, नवीन घेताना सवलत मिळते, आणि ती छापील किमतीवर मोजतात. समजा छापील किंमत 18,000 आणि सवलत 25 टक्के, म्हणजे 13,500 भरायचे. बाजारात तीच बॅटरी 14,000 ला मिळत असेल तर तुमचा फायदा 500 रुपये. त्यासाठी महिनाभर वाद घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पुरात बुडालेली बॅटरी तर विसराच. 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा वॉरंटीवाल्यांना सगळे विचारत होते, पण पाण्यात बुडणं उत्पादनाचा दोष नाही, तो विम्याचा प्रश्न आहे.

नकार टिकत नाही असं दिसलं तर आकड्यांसह कंपनीला ई-मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात असा माझा अनुभव. नाही मिटलं तर ओरोसला सिंधुदुर्गनगरीत जिल्हा ग्राहक आयोग आहे, रत्नागिरीकरांचा रत्नागिरीत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठलंही असो. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही नोंदवता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवीन 36 महिने मिळत नाहीत, जुन्याच मुदतीचा उरलेला भाग मिळतो. सोलापूरकरांना सात महिने फुकट बदलाचे आणि पुढचे 24 सवलतीचे उरले. म्हणून पहिल्या खरेदीचं बिल टाकून देऊ नका, त्याच्या पाठीला बदलीची पावती टाचून ठेवा आणि नवीन डब्यावरचा नंबर त्या पावतीवर लिहून घ्या.